एका चौकोनात काय लिहायचं?

डोंबिवली पूर्वेतल्या अठ्ठावीस सदनिकांच्या एका सोसायटीचे हिशेब मी लिहितो. बँकेतून निवृत्त झाल्यावर ओळखीच्या दोन-तीन सोसायट्यांची वह्या-बिलं बघायला लागलो आणि ते काम अंगवळणी पडलं. मार्चअखेर झाली, नवी कार्यकारिणी निवडून आली आणि नव्या सेक्रेटरी ताईंचा फोन आला. "काका, कोणत्या फ्लॅटचं कोणत्या महिन्याचं किती मेंटेनन्स येणं आहे, त्याचा तक्ता हवाय. एका कागदावर बसेल असा."

कागद एकच लागतो हे खरं. डावीकडे सदनिका क्रमांक, वर एप्रिल ते मार्च, मधे आकडे. पण आकडे भरायला बसलं की पहिल्याच चौकोनापाशी अडायला होतं. २०३ समोर ऑगस्टखाली काय लिहायचं? ऑगस्टचं बिल, ऑगस्टमध्ये आलेली रक्कम, ऑगस्टअखेरची बाकी, की ऑगस्टच्या बिलापैकी आज न आलेला भाग? चारही आकडे खरे आहेत आणि चौघांचे तक्ते चार तऱ्हेचे होतात. माझ्या पाहण्यातले थकबाकीवरचे निम्मे तंटे पैशांचे नसतातच. दोघांच्या हातात दोन तऱ्हेचे तक्ते असतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचा खोटं बोलतोय.

आधीच्या खजिनदारांनी ठेवलेला तक्ता महिनाअखेरच्या बाकीचा होता. १०४ चं उदाहरण घेऊ. महिन्याचं बिल २,४०० रुपये, डिसेंबरपर्यंत सगळं चोख, जानेवारीपासून काही आलेलं नाही. जानेवारीअखेर बाकी २,४००. फेब्रुवारीत नवं बिल आणि ४२ रुपये व्याज मिळून ४,८४२. मार्चमध्ये आणखी एक बिल आणि ८४ रुपये व्याज, म्हणजे ७,३२६. इथपर्यंत एकही आकडा चुकीचा नाही. पण ओळीच्या शेवटी 'एकूण' असा रकाना होता आणि त्यात तिन्हींची बेरीज केलेली होती: १४,५६८. मार्चच्या बाकीत फेब्रुवारीची आणि फेब्रुवारीच्या बाकीत जानेवारीची बाकी आधीच धरलेली असते, हे बेरजेच्या सूत्राला कुठून कळणार? घरमालक मस्कतला. त्याला निरोप गेला १४,५६८ भरा. त्याने स्वतःचा हिशेब मांडून उलट विचारलं, तेव्हा सोसायटीकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर मिळेपर्यंत काही भरायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं.

म्हणून मी चौथा अर्थ निवडतो: त्या महिन्याच्या बिलापैकी, ठरलेल्या तारखेला अजून न आलेलं मुद्दल. या तक्त्याची आडवी बेरीज केली की त्या सदनिकेचं येणं मिळतं आणि उभी बेरीज केली की त्या महिन्याच्या वसुलीत राहिलेली तूट मिळते. उजव्या खालच्या कोपऱ्यातला आकडा खातेवहीतल्या 'सभासदांकडून येणे' याच्याशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे. जुळला नाही तर तक्ता पाठवायचा नाही, मग सेक्रेटरी कितीही घाई करोत.

न जुळण्याचं एक कारण दरवर्षी भेटतं. काही सभासद वर्षाचे पैसे आगाऊ भरतात. त्यांची बाकी उणे दिसते, आणि ती तशीच बेरजेत गेली की दुसऱ्याच कोणाची थकबाकी झाकली जाते. एकाने पुढच्या वर्षाचे २८,८०० रुपये मार्चमध्ये भरले, तर बाकी चार जणांची वर्षभराची चालढकल त्यात सहज बुडून जाते आणि सोसायटीची वसुली छान चालली आहे असं वाटतं. ताळेबंदात हे पैसे देणे बाजूला जातात. तक्त्यातही आगाऊ जमेला वेगळा रकाना लागतो आणि थकबाकीच्या बेरजेत तो कधीच धरायचा नाही.

मुद्दल आणि व्याज वेगळं ठेवण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. या सोसायटीत पूर्ण २१ टक्के आहे, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, २,४०० रुपयांवर ४२ रुपये. उपविधींत शब्द सरळव्याज असा आहे, पण बिलावर ते बहुतेक वेळा चक्रवाढ होऊन बसतं, आणि कोणी लबाडी केल्याशिवाय होतं. बिलात 'मागील बाकी' अशी एकच ओळ असते. मागच्या महिन्याचं बिल आणि मागच्या महिन्याचं व्याज दोन्ही त्या ओळीत मिसळतात आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्या सगळ्यावर लागतं.

पहिल्या वर्षी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बारा महिने एक पैसा न भरलेल्याचं सरळव्याजाने ३१,५७२ होतं आणि चक्रवाढीने ३१,७४०. फरक १६८ रुपयांचा. पण चौथ्या मजल्यावर एक सदनिका तीन वर्षं बंद आहे. मालक वारले, वारसांचं आपसात ठरत नाही आणि भरणा शून्य. तिथे छत्तीस महिन्यांचं मुद्दल ८६,४०० आणि सरळव्याज २६,४६०, एकूण १,१२,८६० होतं. जुन्या बिलावर होते १,१८,९५९. सहा हजारांचा हा फरक सोसायटीला मिळणार नाहीच, वर तो बाकीचं प्रकरणही अडवून ठेवतो.

कारण अशा सदनिकेचा रस्ता उपनिबंधकांच्या कार्यालयाकडे जातो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी तेच काम कलम १५४ब-२९ खाली चालतं. अर्जासोबत ठराव, नोटिशींच्या प्रती आणि थकबाकीचा तपशीलवार उतारा लागतो. समोरच्या बाजूचा वकील बाकी काही बघो न बघो, उताऱ्यातलं व्याज नक्की तपासतो. व्याजावर व्याज निघालं की त्याला युक्तिवादाचे श्रम पडत नाहीत. म्हणून तक्त्यात चालू वर्षाच्या आधीची येणी 'मागील मुद्दल' आणि 'मागील व्याज' अशा दोन रकान्यांत ठेवली. या सदनिकेसमोर ते आकडे ५७,६०० आणि ११,५९२ असे आले. पुढचं व्याज फक्त मुद्दलावर.

हे सगळं एकदा बसलं की काम सोपं होईल असं वाटतं, आणि तेव्हा २०३ येतो.

२०३ ने एप्रिल ते सप्टेंबर काहीच भरलं नव्हतं. ५ ऑक्टोबरला ९,६०० रुपयांचा चेक आला. त्या दिवशी सात बिलांचे १६,८०० आणि सहा महिन्यांचं व्याज ८८२, असं १७,६८२ येणं होतं. चेक जमा करून ८,०८२ उरले. पण हे ८,०८२ कोणत्या महिन्यांचे? जुन्या खजिनदारांनी आधी व्याज, मग सगळ्यात जुनं बिल, या सवयीने पैसे वळते केले होते. त्यात ८८२ व्याज फिटलं, एप्रिल, मे, जून फिटले, जुलैत ८८२ राहिले आणि ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर पूर्ण थकले. तक्त्यात २०३ हा पावसाळ्यापासून पैसे द्यायचा थांबलेला माणूस दिसत होता.

फायलीत त्या चेकला टाचलेली चिठ्ठी सापडली. "सदर रक्कम जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांची." चार गुणिले २,४०० म्हणजे बरोबर ९,६००. कोणत्या देण्यापोटी पैसे देतोय हे देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ते पैसे ठेवून घेतले, तर ते त्याच देण्यात जमा धरायचे, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५९ सांगतं. त्याने काही सांगितलं नसेल तर निवड घेणाऱ्याची, कलम ६०. दोघंही गप्प असतील तर तारखेच्या क्रमाने, कलम ६१. खजिनदारांची सवय चुकीची नव्हती, फक्त ती चिठ्ठी नसलेल्या चेकसाठी होती.

चिठ्ठीप्रमाणे नोंदी फिरवल्यावर बाकी तितकीच राहिली, ८,०८२. पण चित्र बदललं: एप्रिल, मे, जून हे तीन चौकोन भरलेले आणि पुढचे सगळे रिकामे, कारण नोव्हेंबरपासून हा गृहस्थ दर महिन्याला वेळेवर २,४०० भरत होता. मार्चअखेर मुद्दल ७,२००. व्याज आधीचं ८८२, शिवाय नोव्हेंबर ते मार्च दरमहा १२६ प्रमाणे ६३०, मिळून १,५१२. हा माणूस पैसे बुडवत नाही. त्याने तीन महिने हिशेबाने रोखून धरले आहेत, आणि ते का, हे त्याला विचारायला हवं. तक्ता तेवढं एक बोट दाखवतो, पुढचं काम माणसांचं.

पूर्ण तक्ता इथे देण्यात अर्थ नाही. तीन ओळी देतो, क्रमांक बदलून.

| सदनिका | एप्रिल | मे | जून | जुलै ते डिसें. (दरमहा) | जाने. ते मार्च (दरमहा) | मुद्दल | व्याज | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १०४ | ० | ० | ० | ० | २,४०० | ७,२०० | १२६ | ७,३२६ |
| २०३ | २,४०० | २,४०० | २,४०० | ० | ० | ७,२०० | १,५१२ | ८,७१२ |
| ३०१ | १५० | १५० | १५० | १५० | १५० | १,८०० | १७३ | १,९७३ |

पहिल्या दोघांचं मुद्दल सारखंच आहे, आणि नुसत्या थकबाकीदारांच्या यादीत दोघं शेजारी-शेजारी बसले असते. तिसरी ओळ मला सगळ्यात बोलकी वाटते. बारा महिने, दर महिन्याला नेमके १५० रुपये कमी. विसरभोळा माणूस असं विसरत नाही. ३०१ चं बिल २,५५० चं होतं, कारण त्यात नॉन-ऑक्युपन्सीचे दीडशे लावलेले होते. सेवाशुल्क १,५००, त्याच्या दहा टक्के. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने हीच कमाल मर्यादा घातलेली आहे, तेव्हा दर बरोबर होता. पण त्या घरात भाडेकरू नव्हतेच. मालकाची लग्न झालेली मुलगी आणि जावई राहत होते, आणि मुलीकडून हा आकार घेता येत नाही. जावई दर महिन्याला न चुकता २,४०० पाठवत होते, भांडण न करता. सोसायटी दर महिन्याला दीडशे थकलेले दाखवत होती आणि त्यावर व्याजही चढवत होती. एकशे त्र्याहत्तर रुपये व्याज, जे मुळात लागायलाच नको होतं.

एक गोष्ट अशा तक्त्यात कधीच दिसत नाही: ज्यांचा मालक सापडलेला नाही असे पैसे. हल्ली बरेचसे पैसे यूपीआयने येतात आणि बँकेच्या उताऱ्यात सभासदाचं नाव नसतं. भाडेकरूचं, सुनेचं, कधी पुण्याच्या भाच्याचं असतं. ते सस्पेन्स खात्यात जमा होतात. वर्षअखेर तिथे दोन नोंदी होत्या, २,७०० आणि २,४००, दोन्ही फेब्रुवारीतल्या. २,७०० चं बिल पार्किंगवाल्या नऊ सदनिकांनाच जातं आणि फेब्रुवारीच्या रकान्यात त्यातल्या आठ रिकाम्या होत्या. नवव्याला फोन केला, त्याच्या मुलाने भरले होते. महिनावार रकाना नसता तर हे इतक्या चटकन कळलं नसतं. २,४०० ची नोंद मात्र तशीच राहिली. तेवढ्याच रकमेची बिलं त्या महिन्यात अनेकांची थकलेली होती आणि कोणीही "ते माझे" म्हणू शकलं असतं.

तेव्हा तक्त्यासोबत पत्र जातं ते शिष्टाचाराचं नसतं. तक्ता कसा वाचायचा हे त्यातच लिहावं लागतं, कारण सहा महिन्यांनी तो कागद दुसऱ्याच कोणाच्या हातात असणार. माझं पत्र असं होतं.

"मा. सचिव,
विषय: ३१ मार्च अखेरचा सदनिकानिहाय व महिनानिहाय थकबाकीचा तक्ता.

महोदया,
सोबत तक्ता जोडला आहे. प्रत्येक चौकोनातील आकडा म्हणजे त्या महिन्याच्या बिलापैकी ३१ मार्चपर्यंत न आलेले मुद्दल. ती महिनाअखेरची बाकी नव्हे. व्याज शेवटी वेगळ्या रकान्यात असून ते मुद्दलावर सरळव्याजाने धरले आहे. मागील वर्षांच्या येण्यासाठी मुद्दल आणि व्याज असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. मार्चमध्ये भरलेले परंतु ३१ तारखेपर्यंत न वटलेले चेक जमा धरलेले नाहीत. आगाऊ भरणा वेगळा दाखवला आहे. फेब्रुवारीतील रु. २,४०० ची एक जमा कोणत्या सदनिकेची हे निश्चित झालेले नाही. ते झाल्यावर तक्त्यातील एकूण तेवढ्याने कमी होईल. तक्त्याची बेरीज खातेवहीशी जुळते.

सदनिका २०३ व ३०१ यांना नोटीस देण्यापूर्वी कृपया माझ्याशी बोलावे. ३०१ च्या बिलातील आकारणी तपासावी लागेल. चौथ्या मजल्यावरील बंद सदनिकेबाबत पूर्वीच्या बिलांवरील व्याज दुरुस्त करून सुधारित मागणीपत्र द्यावे, त्यानंतरच वसुलीची कार्यवाही करावी.

तक्ता कार्यकारिणीच्या कामकाजासाठी आहे. कृपया तो जसाच्या तसा फलकावर लावू नये किंवा ग्रुपवर टाकू नये.

आपला विश्वासू"

शेवटची ओळ मी मुद्दाम घालतो. एका दुसऱ्या सोसायटीत अशा तक्त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला होता. सात मिनिटांत भांडण आणि सात महिने अबोला, असा तो मामला. मोबाइलवर फक्त शेवटचा रकाना वाचता येत होता, पत्र कोणी जोडलं नव्हतं आणि सगळ्यात मोठा आकडा ज्यांच्यासमोर होता त्या आजींचा चेक बँकेत वटायचा होता.

सेक्रेटरी ताईंनी पत्र वाचून फोन केला. "काका, २०३ बद्दल मी विचारलं. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीत पाणी येत होतं म्हणे. बाहेरच्या पाइपचं. आपण बघितलं नाही, तर त्यांनीच प्लंबर लावला." बाहेरच्या पाइपची गळती म्हणजे सोसायटीचं काम. खर्च साडेपाच हजार, पावत्या त्यांच्याकडे होत्या. आपला खर्च मेंटेनन्समधून आपणच वळता करायचा, हे मात्र सभासदाला करता येत नाही. उद्या प्रत्येक जण आपापला प्लंबर लावेल. बिल बिलाच्या जागी राहतं. खर्चाचा अर्ज वेगळा येतो, कार्यकारिणी ठराव करते आणि मग तो खर्च त्यांच्या खात्याला जमा होतो.

तसंच झालं. मे महिन्याच्या सभेत ५,५०० रुपये मंजूर झाले. ते एप्रिल आणि मेच्या चौकोनांत गेले, ७०० जूनमध्ये. जूनचे १,७०० उरले, ते त्यांनी त्याच संध्याकाळी भरले. ३०१ चे दीडशे-दीडशे आणि त्यावरचं व्याज उलट नोंदीने काढून टाकलं. मस्कतच्या मालकाला तीन महिन्यांची तीन बिलं आणि व्याजाची दोन ओळींची मांडणी पाठवली, पैसे दोन दिवसांत आले.

२०३ चं व्याज मात्र अजून तसंच आहे. त्यांचं म्हणणं, तुमच्या पाइपसाठी मी पैसे अडकवले, व्याज तुम्ही मला द्या. खजिनदारांचं म्हणणं, बिल वेळेत भरलं नाही तर व्याज लागणारच, कारण काहीही असो. मला दोघांचंही पटतं आणि खातेवहीत दोघांसाठी जागा नाही. विषय सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. तोवर जूनअखेरच्या तक्त्यात २०३ समोरचे बाराही चौकोन रिकामे आहेत आणि व्याजाच्या रकान्यात आकडा आहे, शेजारी तळटीप: 'सभेच्या निर्णयाधीन'.